चाळीस वर्षांचं पोलाद आणि त्यातलं पाव टक्का तांबं

प्रश्न: मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे, अणुऊर्जेतला नाही. वाचलं की अणुभट्टीच्या दाबपात्रात ४० वर्षांत जेमतेम ०.०३ डीपीए होतो, म्हणजे शंभरातले तीनच अणू जागचे हलतात. एवढ्याने २० सेंटिमीटर जाडीचं पोलाद ठिसूळ कसं होईल? आणि ४० वर्षांसाठी बांधलेलं पात्र ६० किंवा ८० वर्षं चालवतात, ते कशाच्या भरवशावर?

उत्तर: अणू किती हलले हे डीपीए सांगतो. हललेल्या अणूंमुळे पोलादात पुढे काय घडलं, हे तो सांगत नाही. एकाच भट्टीत, एकाच फ्लुएन्सला, म्हणजे एकूण सारख्याच न्यूट्रॉनमाऱ्याला ठेवलेल्या दोन वेल्डपैकी एकाचं संक्रमण तापमान, म्हणजे ज्याखाली पोलाद ठिसूळ वागतं ते तापमान, ३० अंशांनी सरकतं, दुसऱ्याचं सव्वाशेने. डीपीए दोन्हीकडे सारखाच असतो. फरक पडतो तो मुख्यतः तांब्याने, आणि तो कसा ते समजलं की तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं मिळतात.

सुरुवात एका टकरीपासून करू. गाभ्यातून निसटलेला १ एमईव्हीचा न्यूट्रॉन लोखंडाच्या अणूवर आपटला, तर तो आपल्या ऊर्जेच्या जास्तीत जास्त सात टक्के त्याला देऊ शकतो, म्हणजे सुमारे ७० केईव्ही. लोखंडाच्या अणूला जाळीतल्या जागेवरून उठवायला ४० ईव्ही लागतात असं हिशेबात धरतात. म्हणजे उठलेला पहिला अणू स्वतःच तोफगोळा होतो आणि शेजाऱ्यांना उडवत जातो. त्याच्या ऊर्जेचा काही भाग इलेक्ट्रॉनांना हलवण्यात खर्च होतो. उरलेल्या ऊर्जेतून किती अणू हलतील याचं सूत्र १९७५ मध्ये नॉरगेट, रॉबिन्सन आणि टॉरेन्स यांनी मांडलं:

```
N = 0.8 × T / (2 × 40 eV)
```

T म्हणजे नुकसानीला उरलेली ऊर्जा. ती २० केईव्ही धरली तर N येतो २००. एका टकरीमागे दोनशे अणू. डीपीए ही याच सूत्राची बेरीज आहे: सगळे न्यूट्रॉन, त्यांच्या सगळ्या ऊर्जा, सगळ्या टकरी, भागिले एकूण अणू.

आता यातली पहिली मेख. हे दोनशे अणू हलतात काही पिकोसेकंदांत, आणि काही नॅनोमीटरच्या जागेत. तो चिमुकला भाग क्षणभर वितळल्यासारखा होतो आणि लगेच थिजतो. थिजताना बहुतेक अणू कुठल्या ना कुठल्या रिकाम्या जागेत जाऊन बसतात. लोखंडाचा अणू दुसऱ्या लोखंडाच्या जागी बसला तर पोलादाला काहीच कळत नाही. संगणकावर अशा टकरी उभ्या केल्या की या ऊर्जेला सूत्राने सांगितलेल्या विस्थापनांपैकी साधारण एकतृतीयांशच उरतात. म्हणजे तुमचे शंभरातले तीन अणू ही गेलेल्या धक्क्यांची मोजणी आहे, साचलेल्या नुकसानीची नाही. अर्थातच तुम्हाला ती नगण्य वाटली.

पण टकरीनंतर जे उरतं त्यात व्हेकन्सी असतात, जाळीतल्या रिकाम्या जागा. खरं काम त्या करतात, आणि इथे तांबं येतं.

साठच्या आणि सत्तरच्या दशकांच्या सुरुवातीच्या अमेरिकी व्हेसलमध्ये, म्हणजे दाबपात्रांत, वेल्डिंगची तार तांब्याचा मुलामा दिलेली असे. तार गंजू नये, वीज नीट वाहावी, एवढाच हेतू. (आजही साध्या कामाची वेल्डिंगची तार दुकानात लालसर दिसते, ती याच मुलाम्याने.) तो मुलामा वितळून जोडात उतरायचा आणि वेल्डमध्ये ०.२ ते ०.३५ टक्के तांबं राहायचं. साध्या पोलादकामात त्याची कोणी दखलही घेत नसे. भट्टी चालते सुमारे २९० अंश सेल्सिअसला. त्या तापमानाला लोखंडात तांबं जवळजवळ विरघळतच नाही. जोड तयार करताना ते आत अडकलेलं असतं, बाहेर पडायची त्याची ओढ असते, पण २९० अंशांना अणू सरकणार कसा? अणू सरकायला शेजारी रिकामी जागा लागते, आणि नुसत्या उष्णतेने तयार होणाऱ्या रिकाम्या जागा त्या तापमानाला फारच थोड्या. न्यूट्रॉन त्या जागा पुरवतो. तो तांब्याला ढकलत नाही, वाट करून देतो. मग तांब्याचे अणू गोळा होत दोन-तीन नॅनोमीटरचे पुंजके बनवतात आणि त्यांच्याभोवती मँगनीज, निकेल, सिलिकॉन जमतात. अणुप्रोब टोमोग्राफीत हे पुंजके अणू-अणू मोजून दाखवता येतात.

या पुंजक्यांना डिस्लोकेशन, म्हणजे जाळीतले सरकते दोष, अडतात. म्हणून पोलादाचं यील्ड, म्हणजे ते कायमचं वाकायला लागणारा ताण, वाढतं आणि पोलाद कणखर होतं. इथे बरेच जण गोंधळतात, कारण कणखर झालं हे ऐकायला चांगलं वाटतं. पण क्लीव्हेजने, म्हणजे स्फटिकाच्या पातळीवरून तडकन फुटायला लागणारा ताण फारसा बदलत नाही. थंडीत यील्ड तसंही चढतं. ते ज्या तापमानाला तडकण्याच्या ताणाला गाठतं, त्याखाली पोलाद वाकण्याआधी फुटतं. विकिरणाने यील्डची सगळी रेषाच वर गेली, म्हणून ती गाठ आता जास्त तापमानाला पडते. ठिसूळपणा "आला" असं आपण म्हणतो, पण घडतं ते एवढंच: थंड पोलादाचा जो स्वभाव एरवी शून्याखाली दिसायचा, तो आता शंभर अंशांना दिसू लागतो.

हे मोजतात चार्पीने. १० बाय १० बाय ५५ मिलिमीटरची पट्टी, मध्ये २ मिलिमीटर खोल खाच, वेगवेगळ्या तापमानांना हातोड्याने तोडायची आणि किती जूल लागले ते लिहायचं. ४१ जूलला वक्र जिथे येतो ते तापमान विकिरणाआधीचं आणि नंतरचं, यांतला फरक म्हणजे सरक. माझी बरीच वर्षं असे तुकडे हॉट सेलमध्ये तोडण्यात गेली. जाड शिशाच्या काचेपलीकडे मॅनिप्युलेटरचे हात, आणि नियम असा की तुकडा बाथमधून काढल्यापासून पाच सेकंदांच्या आत हातोडा बसला पाहिजे. माणसाच्या हाताला हे सोपं आहे, मॅनिप्युलेटरला नाही. सुरुवातीला एका प्रयोगशाळेत आमचे गरम तुकडे सहा-सात सेकंदांनी फुटत होते आणि वक्र छान गुळगुळीत येत होता. चूक उघड झाली ती फुटलेल्या तोंडांवरून. ज्या तापमानाला तोंड करडं, तंतुमय दिसायला हवं, तिथे चमकदार खडीसाखरेसारखे दाणे दिसत होते. तेव्हापासून मी आकड्याआधी तोंड बघतो.

आता एक हिशेब करू. आकडे एका काल्पनिक पण अगदी नेहमीच्या प्रेशराइज्ड वॉटर भट्टीचे आहेत. व्हेसलच्या आतल्या पृष्ठावर १ एमईव्हीपेक्षा जास्त ऊर्जेचे सुमारे २ × १०¹⁰ न्यूट्रॉन दर चौरस सेंटिमीटरला दर सेकंदाला येतात. हा फ्लक्स. वेळेने गुणला की फ्लुएन्स. भट्टी ४० वर्षांपैकी ३२ वर्षांइतकी पूर्ण शक्तीने चालली तर फ्लुएन्स होतो २ × १०¹⁹. लोखंडात या वर्णपटासाठी १०¹⁹ ला साधारण ०.०१५ डीपीए बसतो, म्हणजे तुमचे ०.०३ बरोबर आहेत. सोयीसाठी १०¹⁹ ला एक एकक म्हणू आणि त्याला f नाव देऊ. ४० वर्षांना f = २, ६० ला ३, ८० ला ४.

अमेरिकी नियामक मंडळाच्या रेग्युलेटरी गाइड १.९९ या मार्गदर्शिकेची दुसरी आवृत्ती १९८८ ची, आणि सूत्र एका ओळीचं:

```
shift = CF × f^(0.28 − 0.10 × log10(f))
```

CF म्हणजे रसायनाचा गुणांक, तांबं आणि निकेल यांच्या तक्त्यातून काढायचा. तक्ता फॅरनहाइटमध्ये आहे, मी सेल्सिअस करून देतो. ०.२५ टक्के तांबं आणि ०.६ टक्के निकेल असलेल्या वेल्डला CF साधारण ९७ अंश येतो. तांबं ०.०३ टक्के असेल तर निकेल तेवढंच असूनही तो २३ अंश.

घातांक बघा. सूत्रात फ्लुएन्सचा जोर फार मंद आहे. f = ०.१ ला, म्हणजे पहिल्या दोन वर्षांतच, तांब्याच्या वेल्डची सरक ४० अंशांवर जाते. ४० वर्षांना ती ११६, ६० ला १२६, ८० ला १३२. पहिल्या दोन वर्षांत ४० अंश आणि शेवटच्या वीस वर्षांत सहा! कारण साधं आहे: विरघळलेलं तांबं संपत जातं. पुंजके बनायचे ते बनून झाले की नवीन न्यूट्रॉनने करून दिलेल्या वाटेने जायला माल उरत नाही. ८० वर्षांची कल्पना मुळात शक्य वाटली ती या सपाट होणाऱ्या वक्रामुळे.

पण नियमाचा निकाल नुसत्या सरकेवर होत नाही. वेल्डचं मूळ संक्रमण तापमान उणे २९ अंश मोजलेलं आहे असं धरू. त्यात सरक मिळवायची आणि वर अनिश्चिततेची भर, जी वेल्डला ३१ अंश येते. बेरीज: ४० वर्षांना ११८, ६० ला १२८, ८० ला १३४. आणि उभ्या वेल्डसाठी नियमाची मर्यादा आहे १३२. म्हणजे ही व्हेसल ६० पर्यंत बसते आणि ८० ला दोन अंशांनी नापास होते. कमी तांब्याच्या जोडाची बेरीज ८० वर्षांनीही ३३ अंश. तिच्याबद्दल कोणी बैठकसुद्धा घेणार नाही.

दोन अंशांसाठी काय करतात? एक उपाय फ्लक्स कमी करण्याचा. वापरलेलं, दमलेलं इंधन गाभ्याच्या कडेला लावतात, म्हणजे भिंतीकडे गळणारे न्यूट्रॉन घटतात. समजा २० व्या वर्षापासून फ्लक्स निम्मा केला. मग ८० वर्षांना f चार नाही, अडीच. बेरीज १२३ येते. अकरा अंश वाचले, पास. पण हाच उपाय ५० व्या वर्षी केला असता तर जेमतेम चार अंश वाचले असते, कारण तोवर वक्र बराच सपाट झालेला असतो. हा उपाय जितका लवकर करावा तितका उपयोगाचा.

दुसरा उपाय त्या ३१ अंशांच्या भरीला हात घालतो. ती भर अज्ञानाची किंमत आहे. बाकी सगळ्या व्हेसलवरून काढलेल्या सरासरीवर तुम्ही विसंबताय, म्हणून ती द्यावी लागते. तुमच्याच वेल्डच्या तुकड्यांनी सरक मोजून दाखवली आणि माहिती विश्वासार्ह ठरली, तर ती भर निम्मी करू देतात. १३४ चे ११८ होतात. "कशाच्या भरवशावर" याचं सर्वांत प्रामाणिक उत्तर हे. व्हेसलच्या आत, भिंत आणि गाभा यांच्या मध्ये, त्याच वेल्डचे चार्पी तुकडे, म्हणजे साक्षी तुकडे, भरलेल्या कॅप्सूल पहिल्या दिवसापासून लटकवलेल्या असतात. गाभ्याच्या जवळ असल्याने त्या भिंतीपेक्षा पुढे धावतात, दोन-तीन पटीने. ठरलेल्या वर्षी एक काढतात आणि तोडतात. म्हणजे भिंत तीस वर्षांनी कशी असेल ते आजच कळतं.

फ्लुएन्स तरी खरा कशावरून? कॅप्सूलमध्ये लोखंड, निकेल, तांबं आणि निओबियम यांच्या बारीक तारा असतात. लोखंड-५४ चं मँगनीज-५४ होतं, त्याचं अर्धायुष्य ३१२ दिवस, म्हणून ते शेवटच्या वर्षा-दोन वर्षांचाच हिशेब लक्षात ठेवतं. तांब्यातून बनणारं कोबाल्ट-६० सव्वापाच वर्षांचं. निओबियमचं सोळा वर्षांचं. तिन्ही साक्षी जुळल्या तर गणितावर विश्वास ठेवायचा. न जुळल्या तर बहुतेक वेळा चूक गाभ्याच्या जुन्या वर्षांच्या शक्तीच्या नोंदीत निघते. तापमानासाठी ठरावीक अंशांना वितळणाऱ्या मिश्रधातूच्या तारा असतात. त्या वितळल्या असतील तर कॅप्सूल भिंतीपेक्षा गरम होती आणि तिची सरक खोटी कमी आलेली आहे, कारण गरम पोलादात नुकसान आपोआप थोडं बरं होतं. आमच्यात तोंडचा अंदाज असा की विकिरणाचं तापमान एक अंशाने उतरलं की सरक साधारण एक अंशाने वाढते.

मग डीपीए कशाला हवा, असं तुम्ही विचाराल. तो दोन ठिकाणी लागतो. एक, भिंतीच्या जाडीत. पोलादात शिरलेले न्यूट्रॉन टकरी खात मंद होतात, म्हणून १ एमईव्हीच्या वरचे झपाट्याने घटतात. पण ०.३ किंवा ०.५ एमईव्हीचा न्यूट्रॉन अजूनही अणू हलवतोच. नुसत्या फ्लुएन्सने मोजलं तर आतला पोलाद आहे त्यापेक्षा सुस्थितीत दिसतो. म्हणून मार्गदर्शिकेत आत जाताना घट डीपीएच्या हिशेबाने लावलेली आहे: दर इंचाला e^(-0.24). आठ इंच भिंतीत दोन इंच आत गेलं की पृष्ठाच्या ६२ टक्के नुकसान शिल्लक असतं.

दुसरं ठिकाण मला फार आवडतं. टेनेसीतल्या ओक रिज इथे एचएफआयआर नावाची संशोधन भट्टी आहे. १९८६ मध्ये तिच्या व्हेसलचे साक्षी तुकडे तोडले तर ते अंदाजापेक्षा बरेच ठिसूळ निघाले, आणि भट्टी बंद करावी लागली. पुन्हा सुरू झाली ती १०० ऐवजी ८५ मेगावॅटवर. तिची व्हेसल जेमतेम ५० अंशांना चालते, म्हणून आधी संशय मंद दराने होणाऱ्या विकिरणावर आणि मंद न्यूट्रॉनांवर गेला. पुढे नव्वदच्या दशकात कारण सापडलं: गामा किरण. गाभा आणि भिंत यांच्या मध्ये बेरिलियम आणि पाण्याचा जाड थर आहे. त्यात न्यूट्रॉन अडकतात, गामा फारसे अडत नाहीत. गामा इलेक्ट्रॉनला उडवतो, तो जोरदार इलेक्ट्रॉन अणूला उडवतो. भिंतीपाशी गामाने केलेला डीपीए न्यूट्रॉनच्या डीपीएपेक्षा जास्त होता आणि फ्लुएन्सच्या हिशेबात तो दिसतच नव्हता. साध्या वीजभट्टीत गामाचा वाटा किरकोळ असतो, म्हणून तिथे हे विसरलं तरी चालतं.

तरी ठिसूळ पोलाद २९० अंशांना काही फुटत नाही, तेव्हा ते संक्रमण तापमानाच्या बरंच वर असतं. भीती असते अचानक थंड होण्याची, आणि तीही आतला दाब तसाच असताना. कॅलिफोर्नियातल्या रँचो सेको भट्टीत २० मार्च १९७८ रोजी नियंत्रण पॅनेलचा एक छोटा दिवा बदलताना हातातून सुटून आत पडला. शॉर्टसर्किट झालं, उपकरणांचे संकेत गेले, आणि वाफजनकांना नको तेवढं थंड पाणी मिळालं. सुमारे तासाभरात पाणी ३०५ अंशांवरून १४० अंशांवर आलं, दाब मात्र चढाच राहिला. थंडीने आतला पृष्ठ आकसतो, बाहेरचा गरम असतो, म्हणून आत ओढताण येतो, आणि दाबाचा ताण वर. तिथे खोल चीर असती आणि पोलादाचं संक्रमण तापमान १३०-१४० असतं तर निकाल वेगळा लागला असता. व्हेसल तेव्हा तीन-चार वर्षांचीच होती, काही झालं नाही. १३२ अंशांची ती मर्यादा १९८५ च्या नियमात आली ती अशाच घटनांचा हिशेब मांडून.

आता एक उदाहरण असं, जिथे हे सगळे धागे एकाच वेळी तुटले. मॅसॅच्युसेट्समधली यांकी रो भट्टी १८५ मेगावॅटची होती, १९६० मध्ये सुरू झालेली. परवाना वाढवून घेण्यासाठी सर्वांत आधी निवडलेल्या भट्ट्यांत ती होती, म्हणून तिची कागदपत्रं कोणीतरी पहिल्यांदा बारकाईने उघडली. साक्षी तुकड्यांचा कार्यक्रम साठच्या दशकातच बंद झालेला, म्हणजे मोजलेली सरक जवळपास नाही. वेल्डमध्ये तांबं किती ते ठाऊक नाही, म्हणजे CF नाही. भट्टी चालायची साधारण २६० अंशांना, तर मार्गदर्शिकेची सूत्रं २७४ अंशांच्या खाली लागू होत नाहीत आणि तिथे नुकसान जास्त असतं. आणि आतलं स्टेनलेसचं अस्तर ठिपक्या-ठिपक्यांनी जोडलेल्या पत्र्याचं, त्यामुळे अल्ट्रासाउंडने खालच्या चिरा तपासणं अवघड. म्हणजे सरक, रसायन, तापमान, चिरा, चारही रकाने अनिश्चित. प्रत्येक रकान्यात वाईट आकडा घातला तर बेरीज मर्यादेपलीकडे जात होती, बरा आकडा घातला तर व्हेसल बिनधोक. कंपनीने १ ऑक्टोबर १९९१ रोजी भट्टी थांबवली आणि फेब्रुवारी १९९२ मध्ये कायमची बंद करायचं ठरवलं. व्हेसल खरोखर वाईट होती असं कोणी सिद्ध केलं नाही. ती चांगली आहे हे सिद्ध करायचा खर्च, त्या छोट्या भट्टीच्या उरलेल्या वर्षांत भरून निघणार नव्हता.

८० वर्षांच्या हिशेबात मला स्वतःला एक गोष्ट खटकते. वर सांगितलेला सपाट वक्र तांब्याच्या संपण्यावर उभा आहे. पण निकेल, मँगनीज आणि सिलिकॉन यांचे स्वतःचे पुंजके उशिरा, जास्त फ्लुएन्सला बनू लागतात, तांबं कमी असलं तरी. f सहाच्या पुढे जुनं सूत्र प्रत्यक्षापेक्षा कमी सरक सांगतं, हे साक्षी तुकड्यांतून दिसलेलं आहे. आपल्या उदाहरणात f चारवर थांबतो. ज्या व्हेसलचा त्याच्या पुढे जाणार आहे, तिची पुढची कॅप्सूल वेळेवर काढली का, हे मी आधी विचारेन. कॅप्सूलची संख्या ४० वर्षांच्या हिशेबाने ठेवलेली असते, ती अपुरी पडते. मग तुटलेल्या चार्पीच्या अर्ध्या तुकड्यांना दोन्ही बाजूंना नवं पोलाद वेल्ड करून पुन्हा पट्टी बनवतात. हे काम नाजूक आहे, मधला भाग तापला तर तिथलंच नुकसान बरं होऊन बसतं.

ते बरं होणं मुद्दामही घडवता येतं. सोव्हिएत बनावटीच्या व्हीव्हीईआर-४४० भट्ट्यांत गाभ्यासमोरच्या आडव्या वेल्डमध्ये फॉस्फरस आणि तांबं जास्त होतं आणि भिंत गाभ्याला जवळ. १९८७ मध्ये नोवोवोरोनेझच्या तिसऱ्या भट्टीत इंधन आणि पाणी काढून त्या वेल्डभोवती हीटरचं कडं उतरवलं आणि तो ४३० अंशांच्या आसपास कित्येक दिवस तापवला. सरक बरीचशी उतरते. फिनलंडच्या लोविसातल्या पहिल्या भट्टीला हाच उपचार १९९६ मध्ये झाला. त्यानंतर पोलाद पुन्हा ठिसूळ होतं, पण वेगळ्या वेगाने, आणि तो वेग जाणायला पुन्हा साक्षी तुकडेच लागतात.

जाता जाता आपल्याकडचं. तारापूरच्या १९६९ च्या पहिल्या दोन भट्ट्या उकळत्या पाण्याच्या आहेत. तिथे व्हेसल आहे, पण गाभा आणि भिंत यांच्यात पाण्याचं रुंद कडं असतं, त्यामुळे या जातीत भिंतीवरचा फ्लुएन्स वरच्या उदाहरणापेक्षा बराच कमी राहतो. तारापूरच्याच तिसऱ्या आणि चौथ्या, जडपाण्याच्या भट्ट्यांत २० सेंटिमीटरचं पोलादी पात्रच नाही. दाब सोसतात त्या झिर्कोनियम-निओबियमच्या शेकडो नळ्या, चार-एक मिलिमीटर जाडीच्या. त्यांना हायड्रोजन आणि लांबी वाढण्याचा त्रास असतो, आणि त्या बदलता येतात. कुडनकुलमला मात्र जाड भिंतीची व्हेसल आहे, आणि वरची मूळ गोष्ट तिथे लागू होते.